अकरावा धडा कुठे गेला? एका स्वयंसेवक गटाच्या पिन केलेल्या साप्ताहिक सारांशाचं प्रकरण

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका गटात मी वाचक म्हणून आले. गटात ३४ जण होते. सगळे आपापली नोकरी, घर सांभाळून उरलेल्या वेळात काम करणारे. सगळा कारभार एका व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचा आणि दर रविवारी कुणीतरी आठवड्याचा सारांश लिहून वर पिन करून ठेवायचं. हेतू साधा होता. ज्याला रोजचे दीड-दोनशे मेसेज वाचायला वेळ नाही, त्याने एवढं एक वाचलं तरी काय ठरलं आणि आपल्याकडे काय आहे ते कळावं.

हा सारांश असूनही एक अख्खा धडा हरवला. हरवला म्हणजे फाइल गेली असं नाही. तो कुणी वाचलाच नाही, आणि जवळजवळ तीन आठवडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते कसं घडलं हे मी नंतर मेसेज उपसून शोधलं आणि त्यानंतर सारांशाचं काम माझ्याकडे घेतलं. इथे नावं देत नाही. माणसं त्यांच्या कामावरून ओळखू.

काय घडलं

इतिहासाचं पुस्तक १४ धड्यांचं होतं. ३ तारखेच्या रविवारी पिन केलेल्या सारांशात धड्यांची वाटणी होती आणि तिच्यात ‘धडा ११, १५ तारखेपर्यंत’ असं एका वाचकबाईंच्या नावापुढे लिहिलेलं होतं. इथवर सगळं ठीक.

५ तारखेला, मंगळवारी, आमच्या ध्वनी-संपादक बाईंनी लिहिलं, “नवव्या धड्यात पंख्याचा आवाज येतोय.” लगेच तिघांचे मेसेज आले. एक म्हणाला, “हो, मलाही ऐकू आला.” दुसरीने लिहिलं, “पुन्हा करायला हवा बहुतेक.” तिसऱ्याने नुसता अंगठा दाखवला. मग बोलणं दुसरीकडे वळलं. तासाभराने संपादक बाईंनीच लिहिलं, “थांबा, आधी मी साफ करून बघते.” आणि बुधवारी रात्री, मधे साठेक मेसेज होऊन गेल्यावर, “साफ झाला. चालेल असं वाटतंय.” त्यावर कुणी काहीच बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

१० तारखेचा सारांश असा होता:

> 📌 या आठवड्याचे अपडेट्स
> • नववा धडा पुन्हा रेकॉर्ड करायचा ✅
> • फाइलची नावं नीट द्यावीत
> • भूगोलाचं पुस्तक लवकरच सुरू करू
> • सूचनापत्राचं बघायला हवं
> • सगळ्यांचे मनापासून आभार 🙏

लिहिणाऱ्याने चांगल्या मनानेच लिहिला होता. त्याने आठवडाभराचे मेसेज वरून खाली चाळले, ज्या विषयावर चार जण बोललेले दिसले तो उचलला आणि ओळ लिहून टाकली. बुधवारचा मेसेज त्याच्या नजरेतून निसटला.

त्या एका ओळीचे चार जणांनी चार अर्थ लावले. नववा धडा मुळात ज्यांनी वाचला होता त्यांना वाटलं, आपलंच काम, आपणच पुन्हा करायचं. त्यांनी केलं. अकराव्या धड्याच्या वाचकबाईंना वाटलं, हे तातडीचं दिसतंय, कुणाचं नावही नाही, माझ्या खोलीत शांतता असते, मीच करून टाकते. त्यांनीही नववाच वाचला. अकराव्याची ओळ सारांशात नव्हती, म्हणून तो दुसऱ्या कुणाला दिला असावा असं त्यांनी धरून चाललं. संपादक बाईंनी ओळ वाचली आणि आपलं साफ केलेलं काम नापसंत पडलं असं समजून त्या गप्प बसल्या. आणि आमचे तपासनीस, जे स्वतः दृष्टिहीन आहेत आणि प्रत्येक फाइल ऐकून चुका काढतात, त्यांच्या फोनने ती ओळ वाचून दाखवताना शेवटी ‘चेक मार्क’ असं म्हटलं. त्यांनी अर्थ घेतला की पुन्हा रेकॉर्ड करून झालंसुद्धा.

१७ आणि २४ तारखेच्या सारांशातही अकराव्या धड्याचा उल्लेख नव्हता. त्या आठवड्यांत त्याबद्दल कुणी बोललंच नव्हतं, मग येणार कुठून?

२९ तारखेला, शुक्रवारी, एका विद्यार्थिनीचा संयोजकांना फोन आला. “दहाव्यानंतर एकदम बारावा लागतोय. अकरावा कुठे आहे?” परीक्षेला १२ दिवस होते.

नेमकं कुठे चुकलं

शनिवारी संयोजक आणि मी महिन्याभराचे सारांश समोर ठेवून बसलो. पहिला राग साहजिकच सारांश लिहिणाऱ्यावर निघाला, पण तासाभरात तो ओसरला. चूक माणसाची कमी आणि लिहिण्याच्या पद्धतीची जास्त होती.

सर्वांत मोठा दोष असा की दर रविवारी सारांश नव्याने, फक्त त्या आठवड्याच्या बोलण्यातून लिहिला जायचा. म्हणजे ज्या कामाबद्दल गप्पा झाल्या ते सारांशात यायचं आणि जे काम कुणीतरी गुपचूप करत होतं, किंवा गुपचूप करत नव्हतं, ते गळून पडायचं. अडलेलं काम बहुतेक वेळा शांतच असतं. ज्याचं राहिलंय तो ग्रुपवर येऊन सांगत नाही. म्हणजे ज्या ओळी टिकायला हव्यात नेमक्या त्याच या पद्धतीत पुसल्या जातात.

दुसरा दोष, ‘बोलणं झालं’ आणि ‘ठरलं’ यांत फरक केला नव्हता. “करायला हवा बहुतेक” हे मत आहे, निर्णय नाही. अंगठा तर मतही नसतो. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच की मेसेज पाहिला.

✅ या खुणेचं तर मला आजही वाईट वाटतं. लिहिणाऱ्याच्या मनात ती ‘ठरलं’ अशी होती, बाकी जगात ती ‘झालं’ अशी आहे. दृष्टिहीन सभासदांसाठी लिहिताना आम्हीच असल्या खुणांवर विसंबलो होतो. टॉकबॅकसारखा स्क्रीन वाचक इमोजीचं नाव वाचतो, त्यामागचा हेतू वाचत नाही. पूर्वी आम्ही झालेल्या कामावर आडवी रेघ मारायचो. ती रेघ तर तो बहुतेक वेळा सांगतच नाही, म्हणजे झालेलं काम त्यांना अजून बाकी असल्यासारखं ऐकू यायचं.

पुन्हा कसा लिहिला

३१ तारखेच्या रविवारी मी पहिला सारांश लिहिला. तो जसाच्या तसा देते, फक्त नावांच्या जागी कामं घालून:

> *३१ तारीख. तातडीचं: धडा ११ मंगळवारपर्यंत वाचून हवा*
>
> ठरलं
> नवव्या धड्याची साफ केलेली मूळ फाइलच राहील. नव्याने वाचलेल्या दोन फाइली वापरायच्या नाहीत. (संपादक आणि संयोजक, शनिवार ३०)
>
> कामं
> २१. बाकी. धडा ११ वाचणे. इतिहास वाचक. फाइल फोल्डरमध्ये आली की झालं. मंगळवार २.
> २२. बाकी. धडा ११ तपासणे. तपासनीस. चुकांची यादी वाचकाला पोचली की झालं. गुरुवार ४.
> १८. पुढे, दुसऱ्यांदा. नव्या वाचकांसाठी सूचनापत्राचा मसुदा. सूचनापत्र लिहिणाऱ्या ताई. मसुदा संयोजकांकडे गेला की झालं. रविवार ७.
>
> अजून ठरायचंय
> भूगोलाचं पुस्तक कधी सुरू करायचं. संयोजक रविवार ७ ला सांगतील.

यात शोभेचं काही नाही. पण प्रत्येक तुकड्यामागे त्या शनिवारचं काहीतरी आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

प्रत्येक कामाला कायमचा आकडा दिला. आठवडा बदलला तरी १८ नंबरचं काम १८च राहतं. याचे दोन फायदे झाले. माणसं ग्रुपवर नुसतं “२१ झालं” असं लिहू लागली, त्यामुळे कोणतं काम झालं हा घोळ संपला. आणि एखादी ओळ माझ्याकडून गळली तर तो आकडा गायब झालेला दिसतो. तपासनीसांनी एकदा मला लगेच विचारलं होतं, “ताई, २६ झालं असं मागच्या वेळी नव्हतं, आणि आज ते दिसतही नाही?” खरंच गळलं होतं.

आता सारांश लिहिताना मी ग्रुपचे मेसेज उघडत नाही, आधी मागचा सारांश उघडते. तो तसाच्या तसा नव्या मेसेजमध्ये चिकटवते आणि एकेक ओळ घेऊन तिचं काय झालं ते ठरवते. ओळीला तीनच वाटा आहेत: झालं, पुढे किंवा सोडलं. ‘झालं’ ही ओळ एकदाच, शेवटची म्हणून, त्या आठवड्याच्या सारांशात येते आणि पुढच्या वेळी निघते. ‘सोडलं’ लिहिलं तर कुणी ठरवून सोडलं ते लिहावं लागतं. काहीच न लिहिता ओळ काढायची नाही. हे झाल्यावरच नवीन मेसेज चाळायला घ्यायचे. अकरावा धडा वाचवायला एवढी एकच सवय पुरली असती.

मेसेज चाळताना मी विषयाचा पहिला मेसेज शोधत नाही, शेवटचा शोधते. आठवड्यात कुणाचा महत्त्वाचा वाटणारा मेसेज आला की त्याला तारांकित करून ठेवते. मग शनिवारी रात्री एकेक तारांकित मेसेज घेऊन त्या विषयावर त्यानंतर काय बोलणं झालं ते शोधते. इथे आपली भाषा थोडी आडवी येते. ‘नववा’ असं शोधलं तर ‘नवव्या’ सापडत नाही आणि ‘९ वा’ तर नाहीच. म्हणून एकाच गोष्टीसाठी तीन-चार शब्द टाकून बघावे लागतात. कंटाळवाणं आहे, पण “साफ झाला, चालेल” असा मेसेज असाच सापडतो. या सगळ्याला मला साधारण पाऊण तास लागतो. सुरुवातीला दीड तास लागायचा.

कामाच्या ओळीत माणूस एकच. दोघांनी मिळून करायचं असलं तरी जबाबदार एकाच नावाने. आणि त्या माणसाने स्वतः “हो, मी करतो” असं म्हटल्याशिवाय त्याचं नाव लिहायचं नाही. हा नियम मला सर्वांत जास्त वेळा मोडावासा वाटला, कारण रविवारी रात्री आठ वाजता ज्याचं नाव लिहायचं तो माणूस उत्तर देत नसतो. तरी मी मोडला नाही. अशा वेळी ओळीत “कुणी घ्यायचं ते ठरायचंय” असं लिहिते आणि ती ओळ ‘अजून ठरायचंय’ खाली टाकते. “बघतो”, “जमलं तर”, “माझ्याकडे असू दे सध्या” हे होकार नाहीत. “बघतो” म्हणणाऱ्याला मी वेगळा मेसेज करून विचारते, “तुमच्या नावाने लिहू का, गुरुवारची तारीख टाकून?” तारीख ऐकली की खरं उत्तर येतं. निम्मे लोक हो म्हणतात, निम्मे म्हणतात की नाही हो, या आठवड्यात नाही जमणार. दोन्ही उत्तरं मला सारखीच कामाची.

“कधी झालं म्हणायचं” हा तुकडा संपादक बाईंच्या सांगण्यावरून आला. त्या म्हणाल्या, “मला वाचक सांगतो रेकॉर्डिंग झालं, पण फाइल माझ्याकडे येते चार दिवसांनी. त्याचं झालं असतं, माझं सुरूही झालेलं नसतं.” तेव्हापासून पुढच्या माणसाच्या हातात पडलेली गोष्ट हीच काम संपल्याची खूण आम्ही मानतो: फोल्डरमधली फाइल, वाचकाला पोचलेली यादी, संयोजकांकडे गेलेला मसुदा.

ठरलं म्हणजे काय, यावर मात्र ग्रुपमध्ये बराच वाद झाला. कुणी म्हणालं मतदान घ्या. पण पंख्याच्या आवाजावर ३४ जणांचं मतदान कसलं? शेवटी असं ठरलं: ज्याच्या कामाचा प्रश्न आहे त्याचा स्पष्ट होकार हवा आणि प्रस्ताव ग्रुपवर मांडून ४८ तासांत कुणाची हरकत आलेली नसावी. हरकत आली तर संयोजक सांगतील ते. सारांशात ठरलेल्या गोष्टीपुढे कुणी आणि कधी ठरवलं ते कंसात येतं. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की हे कुणी ठरवलं होतं, तर वाद होत नाही, त्या माणसाला विचारता येतं.

पिन करण्यातली गोम

हे फार बारीक वाटेल, पण यातच दोनदा फसले. व्हॉट्सॲपवर मेसेज पिन करताना तो किती काळ राहावा हे विचारलं जातं: २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. आपोआप निवडलेले असतात ७ दिवस. आठवड्याचा सारांश म्हणजे सात दिवसच योग्य असं कुणालाही वाटेल. पण मी रविवारी आठ वाजता पिन केला आणि पुढच्या रविवारी मला उशीर झाला, तर आठनंतर वर काहीच उरत नाही. दुसऱ्याच आठवड्यात तसं झालं. मी आजारी होते, सारांश सोमवारी रात्री गेला आणि मधल्या दिवसात दोघांनी विचारलं की यादी काढून टाकली का. आता ३० दिवस निवडते आणि नवा पिन करताना जुना हाताने काढते. दोन्ही वर राहिले तर लोक जुनाच उघडतात.

ग्रुपवर एका वेळी तीन मेसेज पिन करता येतात. त्यातला एक सारांशासाठी राखीव ठेवला आणि पिन करण्याची मुभा फक्त ॲडमिनांना ठेवली, नाहीतर वाढदिवसाच्या शुभेच्छाही वर चढतात.

पिनच्या पट्टीत मेसेजचा फक्त सुरुवातीचा तुकडा दिसतो. ‘या आठवड्याचे अपडेट्स’ ही ओळ पट्टीत बघून कोण उघडणार? म्हणून पहिल्या ओळीत तारीख आणि आठवड्यातलं सर्वांत तातडीचं काम. मेसेज लांबला की तो मधेच कापून ‘पुढे वाचा’ असं येतं, आणि खालची कामं तिथेच अडकतात. बाराहून जास्त ओळी झाल्या की मी ‘अजून ठरायचंय’ मधल्या ओळी कमी करते, कामाच्या करत नाही.

मेसेज दुरुस्त करायला १५ मिनिटंच मिळतात. चूक बहुधा त्यानंतर कळते, कारण लोक रात्री उशिरा किंवा सोमवारी सकाळी वाचतात. म्हणून सोमवारी रात्री आठपर्यंत दुरुस्त्या सांगा असं प्रत्येकाला माहीत आहे. तारीख किंवा नाव चुकलं असेल तर मी पूर्ण सारांश पुन्हा टाकते, पहिल्या ओळीत “दुरुस्त, सोमवार” असं लिहून, आणि काय बदललं ते खाली एका वाक्यात सांगते. आधीचा मेसेज काढून टाकते. गुपचूप बदल करायचा नाही, कारण कुणीतरी जुना वाचून कामाला लागलेला असतो.

नवीन सभासदांची गोष्ट मला उशिरा कळली. ते ग्रुपमध्ये येण्याआधी पाठवलेला सारांश वर पिन असला तरी त्यांना दिसत नाही. एक नवे वाचक पाच दिवस ग्रुपवर होते आणि त्यांना वाटत होतं की इथे कसली यादी वगैरे नसते. आता कुणी नवीन आलं की त्यांना चालू सारांश वेगळा पाठवला जातो. शिवाय फाइलचं नाव कसं द्यायचं, आकडे कसे वाचायचे, तळटीपा कुठे वाचायच्या, असे जे निर्णय दर आठवड्याला लागू असतात, ते साप्ताहिक सारांशात ठेवून उपयोग नाही. पुढच्या रविवारी ते गडप होतात. ते एका सामायिक दस्तऐवजात उतरवले आणि त्याचा दुवा ग्रुपच्या वर्णनात टाकला. वर्णन नवीन माणसालाही दिसतं. १० तारखेच्या सारांशातली “फाइलची नावं नीट द्यावीत” ही ओळ खरं तर त्याआधीच्या एका आठवड्यात ठरलेल्या नियमाची आठवण होती. नियम वाहून गेला होता, म्हणून आठवण द्यावी लागत होती.

१८ नंबरचं काम

सूचनापत्राची ओळ पुढे, दुसऱ्यांदा. पुढे, तिसऱ्यांदा. पुढे, चौथ्यांदा. मी नेमाने लिहीत गेले आणि मला वाटत होतं की मी माझं काम चोख करतेय.

चौथ्या वेळी ताईंचा मला वेगळा मेसेज आला. “दर रविवारी माझं नाव असं वर लटकवलेलं बघून मला ग्रुप उघडावासा वाटत नाही.” वाचून मला चटका लागला. मी त्यांना फोन केला. कळलं ते असं: सूचनापत्रात मायक्रोफोन किती अंतरावर धरायचा, कुठल्या स्वरूपात फाइल द्यायची हा भाग होता आणि तो संपादक बाईंकडून यायचा होता. ताईंनी एकदा मागितला होता, तो मेसेज कुठेतरी बुडाला, पुन्हा मागायला त्यांना संकोच वाटला. म्हणजे १८ हे एक काम नव्हतंच. दोन होती, आणि पहिलं दुसऱ्याच माणसाचं होतं.

त्या रविवारी ओळ अशी झाली:

> १८. सोडलं, दोन भाग केले (ताई आणि मी, शनिवार).
> ३४. बाकी. ध्वनीबद्दलच्या सूचना, दहा ओळींत. संपादक. ताईंना पाठवल्या की झालं. बुधवार.
> ३५. बाकी. सूचनापत्राचा मसुदा. सूचनापत्र लिहिणाऱ्या ताई. ३४ आल्यावर आठ दिवसांत संयोजकांकडे.

संपादक बाईंनी मंगळवारीच पाठवलं. त्यांना माहीतच नव्हतं की कुणी थांबलंय.

तेव्हापासून ‘पुढे’ हा शेरा दोनदाच मिळतो. तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की मी लिहीत नाही, फोन करते. त्या फोनवर मी “कधी होणार” असं विचारत नाही. “तुम्ही कुणाची वाट बघताय का?” असं विचारते. मग काम तोडायचं, दुसऱ्याला द्यायचं की सोडून द्यायचं ते फोनवरच ठरतं आणि रविवारी फक्त निकाल लिहिला जातो. कुणाच्या घरचं आजारपण, कुणाचा आवाज बसलाय, कुणाचं वाचन तपासणीत परत परत नापास होतंय, असलं कारण सारांशात येत नाही. तिथे “काम २९ आता अमुक वाचकांकडे” एवढंच. सगळ्यांना दिसेल अशा जागी टांगलेल्या कागदावर माणसाची अडचण लिहायची नाही, हे मी कुणाच्या सांगण्यावरून शिकले नाही, त्या एका मेसेजमुळे शिकले.

अजून जमत नाही ते

फोनवर ठरलेल्या गोष्टी. संयोजक आणि संपादक बाई बरंच बोलून घेतात, त्यांना घाईच असते. त्यातलं काही माझ्यापर्यंत येत नाही. दोघींना मी विनंती केली की फोन ठेवल्यावर ग्रुपवर एक वाक्य टाका. संपादक बाई टाकतात. संयोजक विसरतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी मी त्यांनाच विचारते, “या आठवड्यात फोनवर काय ठरलं?” बहुधा एक-दोन गोष्टी निघतात. तरी एखादी राहतेच.

दुसरं, शब्द माझे असतात. एखाद्या बोलण्याला ‘ठरलं’ खाली टाकायचं की ‘अजून ठरायचंय’ खाली, हे शेवटी मीच ठरवते आणि त्यात माझा कल येऊ शकतो. भूगोलाचं पुस्तक लवकर सुरू व्हावं असं मला स्वतःला वाटत होतं. एकदा मी ते ‘ठरलं’ खाली लिहिलंही होतं, पाठवण्याआधी लक्षात आलं. आता माझा स्वतःचा ज्यात आग्रह आहे अशी ओळ मी आधी तपासनीसांना दाखवते. ते नाही म्हणाले तर बदलते.

मी नसताना कुणी लिहायचं हेही ठरवून घेतलं. इतिहास वाचक माझ्या जागी दोन रविवार बसले. त्यातल्या एका आठवड्यात खरोखर काहीच नवीन नव्हतं. त्यांनी मला विचारलं, “मग टाकूच नको का?” टाकायला सांगितलं. नवी तारीख, “या आठवड्यात नवीन निर्णय नाही” अशी एक ओळ आणि चालू कामं तशीच. जुन्याच तारखेचा सारांश वर राहिला की माणसं तो मेलेला धरतात आणि मग खरा आला तरी उघडत नाहीत.

अकरावा धडा त्या मंगळवारी रात्री साडेदहाला फोल्डरमध्ये आला. तपासनीसांनी गुरुवारची वाट न बघता बुधवारी दुपारीच चार चुका काढून दिल्या. ७ तारखेच्या सारांशात “२१ झालं. २२ झालं.” अशा दोन ओळी होत्या, आणि त्या विद्यार्थिनीकडे फाइल त्याच्या तीन दिवस आधी पोचली होती.